स्लाइड नऊवर ८, स्लाइड अकरावर १.४ : तीन सूर्यांच्या ताऱ्याचं करायचं काय?

खडूधारी

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळातर्फे शाळांमध्ये जाऊन बोलायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. विषय ताऱ्यांचा जन्म-मृत्यू. चौदा स्लाइड्स आधीच्या मंडळींनी करून ठेवल्यात, मी फक्त उभं राहून बोलायचं. मी हौशी माणूस, खगोलशास्त्र शिकलेलो नाही, हे आधीच सांगतो.

पहिल्या आठ स्लाइड्स बिनबोभाट जातात. थंड वायूचा ढग स्वतःच्याच भाराने आकसतो, मधला भाग तापतो, तापमान कोटभर अंशांच्या घरात गेलं की हायड्रोजनचा हेलियम व्हायला लागतो, तारा पेटला. पोरं खूश, मीही खूश. नवव्या स्लाइडवर वाट फुटते. डावा बाण: '८ सूर्यांपेक्षा कमी वस्तुमान → तांबडा राक्षसी तारा → श्वेत बटू'. उजवा बाण: '८ पेक्षा जास्त → महास्फोट → न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर'. पुढे अकराव्या स्लाइडवर चंद्रशेखरांचा फोटो आणि खाली वाक्य: 'सूर्याच्या १.४ पटींपेक्षा जड तारा श्वेत बटू होऊ शकत नाही.'

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, तारा तीन सूर्यांएवढा असेल तर? तो आठपेक्षा कमी आहे म्हणून बटू होणार. पण १.४ पेक्षा जास्त आहे म्हणून होणार नाही. मग काय होणार?"

मी म्हणालो, "छान प्रश्न आहे." पुढची दोन मिनिटं काय बोललो ते मलाही आठवत नाही. ती मात्र वहीत प्रश्नचिन्ह काढून शांतपणे खाली बसली. पुढच्या महिन्यात त्याच शाळेत दुसऱ्या तुकडीला जायचंय. दोनपैकी कुठला आकडा चुकलाय?

टिवल्याबावल्या

"छान प्रश्न आहे" हे वाक्य म्हणजे शिक्षकाचा तांबडा राक्षसी टप्पा. आतलं इंधन संपलेलं असतं, बाहेरून नुसता फुगारा.

ठाम_मत

८ चुकलाय. १.४ ही चंद्रशेखर मर्यादा, त्यासाठी नोबेल मिळालंय, ती चुकणं शक्यच नाही. १.४ च्या वर गेलं की स्फोट, विषय संपला. श्वेत बटूवर शेजारच्या ताऱ्याचा वायू साचत साचत तो १.४ च्या जवळ आला की फुटतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तीन सूर्यांचा तारा फुटणार. स्लाइड नऊवर ८ खोडून १.४ लिहा.

नीलाक्षी

आमच्याकडेही हाच त्रास होतो. काळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगातली अक्षरं प्रोजेक्टरवर दिसतच नाहीत, ८ चा ३ वाचला जातो. आकडे पिवळ्या रंगात घ्या आणि वर्गाचे पडदे नीट ओढून घ्या.

खडूधारी

नीलाक्षीताई, आकडा तिला नीट दिसला, तीच तर अडचण झाली :)

ठाम_मत, खोडायला हात शिवशिवतोय, पण इतरांचं ऐकून घेतो.

रातकिडी

खोडू नका! दोन्ही आकडे बरोबर आहेत, चुकलंय ते अकराव्या स्लाइडवरचं वाक्य. ८ हे ताऱ्याचं *जन्माच्या वेळचं* वजन आहे. १.४ हे *मागे उरलेल्या गाभ्याचं* वजन आहे. या दोन वजनांच्या मध्ये ताऱ्याने किती वजन टाकलं, हे तुमच्या चौदा स्लाइड्समध्ये कुठेच नाही. त्या मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

एक खरा तारा घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. व्याध. आपल्याला डोळ्यांनी दिसतो तो व्याध 'अ', त्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण दुप्पट. त्याच्याभोवती ५० वर्षांत एक फेरी मारणारा जोडीदार आहे, व्याध 'ब', आणि तो श्वेत बटू आहे. दोघांच्या कक्षेवरून 'ब'चं वजन थेट काढता येतं. ते भरतं १.०२ सूर्य. आकार मात्र पृथ्वीपेक्षाही किंचित लहान. हिशेब करून बघा, त्याच्यातला एक घन सेंटिमीटर तुकडा सरासरी अडीच टनांचा निघतो.

आता गंमत बघा. दोघं एकाच ढगातून, एकाच वेळी जन्मले. जड तारा इंधन उधळतो आणि आधी मरतो. इथे आधी मेला 'ब', जो आज निम्म्याने हलका आहे. म्हणजे जन्माच्या वेळी तो 'अ'पेक्षा जड असलाच पाहिजे. किती जड? या जोडीचं वय २४ कोटी वर्षांच्या आसपास येतं. बटू तयार झाल्यापासून निवत असतो आणि किती निवला त्यावरून तो मरून किती काळ झाला ते कळतं. 'ब'च्या बाबतीत ते येतं साधारण १२ कोटी वर्षं. म्हणजे तारा म्हणून तो जेमतेम १२ कोटी वर्षं जगला. एवढ्या कमी आयुष्याचा तारा जन्मतः पाच सूर्यांच्या आसपास असावा लागतो.

पाच सूर्यांनी सुरुवात केली, शेवटी हातात राहिला एक. चार सूर्यांएवढा माल त्याने स्फोट न होता, नुसता फुंकून टाकला. तुमच्या विद्यार्थिनीचा तीन सूर्यांचा तारा त्याच वाटेने जाईल आणि मागे सूर्याच्या पाऊण पटीच्या आसपासचा बटू ठेवेल. १.४ च्या आसपासही तो फिरकणार नाही.

दुर्बीणवेडा_काका

रातकिडी, माझ्या जखमेवर बोट ठेवलंत. व्याध 'ब' डोळ्यांनी बघायचा म्हणून मी सात हिवाळे घालवलेत. 'अ' त्याच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट प्रखर, त्यामुळे सगळं दृष्टिक्षेत्र त्याच्याच लखलखाटाने धुऊन निघतं. सध्या दोघांतलं अंतर जवळजवळ जास्तीत जास्त आहे, तरी हवा स्थिर नसेल तर काही खरं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात "दिसला!" म्हणून ओरडलो होतो. दुर्बिणीची नळी थोडी फिरवली तर 'बटू'ही तिच्याबरोबर फिरला. भिंगातलं प्रतिबिंब निघालं.

गेल्या वर्षी एका रात्री चारपाच सेकंद एक ठिपका खरंच जागच्या जागी राहिला. मी तो मोजतो. मुलगा मोजत नाही.

अवांतर: १८४४ मध्ये बेसेलने व्याध डुलत डुलत चालतो हे बघून न दिसणारा जोडीदार असणार असं सांगून ठेवलं होतं. अठरा वर्षांनी अल्वन ग्रॅहम क्लार्क नवीन भिंगाची परीक्षा घेत होता, तेव्हा तो दिसला.

टिवल्याबावल्या

काका, सात हिवाळ्यांत चार सेकंद. तुमचा आणि सरकारी कार्यालयाचा वेग सारखाच आहे.

ठाम_मत

रातकिडी, गोष्ट छान रंगवलीत. पण चार सूर्य 'फुंकून टाकले' हे कोणी पाहिलंय? वय अंदाजे, निवण्याचा काळ अंदाजे, त्यावरून मूळ वजनही अंदाजे. शिवाय चार सूर्यांएवढा वायू गेला कुठे? व्याधाभोवती तर काहीच दिसत नाही.

अधांतरी

पहिल्यांदाच ठाम_मत यांच्याशी सहमत. चार सूर्य म्हणजे खिशातलं नाणं नव्हे की पडलं आणि कळलं नाही.

रातकिडी

शंका रास्त आहे. १९६० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञांपुढेही हाच पेच होता. तो सुटला तो तारकागुच्छांमुळे आणि तो पुरावा मला व्याधापेक्षाही आवडतो, कारण त्यात आकडेमोड फारशी करावी लागत नाही.

कृत्तिका बघा. त्यातले सगळे तारे एकाच ढगातून, जवळजवळ एकाच वेळी जन्मले. तिथले सगळ्यात जड तारे आज पाच-सहा सूर्यांच्या घरात आहेत आणि अजून जिवंत आहेत. याच गुच्छात एक श्वेत बटू सापडलाय. आता विचार करा. जड तारा आधी मरतो हे मान्य असेल, तर जो मेलाय तो आज जिवंत असलेल्या सगळ्यांपेक्षा जड होता. म्हणजे सहा सूर्यांचा तरी. आणि बटू झालाय म्हणजे आता तो १.४ च्या आत आहे. मधले साडेचार सूर्य गेले म्हणजे गेलेच. त्याचं वय नेमकं किती हेही इथे माहीत असावं लागत नाही.

वायू कुठे गेला म्हणता? पसरला. म्हातारा तारा फुगून एवढा मोठा होतो की बाहेरच्या थरांवरची त्याची पकड ढिली पडते. तो धडधडतो, आकुंचन-प्रसरण पावतो, वरचा वायू थंड होऊन त्यात धुळीचे कण धरतात. ताऱ्याचा प्रकाश त्या धुळीला ढकलतो आणि धूळ वायूला ओढत नेते. अशा ताऱ्यांभोवतीची धूळ आणि वायू दुर्बिणींना दिसतो, तिथून किती माल निघतोय ते मोजताही येतं. शेवटच्या काळात वर्षाला सूर्याचा एक लाखावा भाग, कधी त्याहूनही जास्त. या वेगाने चार सूर्य उडवायला चार लाख वर्षं लागतील. ताऱ्याच्या आयुष्यात हा डोळ्याचं पातं लवण्याएवढा काळ.

अगदी शेवटी उघडा पडलेला गाभा त्या वायूला उजळतो, तेव्हा दिसतो तो 'ग्रहीय तेजोमेघ'. ग्रहांशी त्याचा काही संबंध नाही, जुन्या दुर्बिणींत ग्रहासारखी चकती दिसायची म्हणून ते नाव चिकटलं. तो दहा-वीस हजार वर्षं टिकतो. व्याध 'ब'ला मरून १२ कोटी वर्षं झाली. आता तिथे काही दिसावं अशी अपेक्षाच चुकीची.

ठाम_मत

कृत्तिकेचा मुद्दा पटला. पण मग माझंही बरोबरच होतं की. *बटू* १.४ च्या वर जाऊ शकत नाही. मी तेच म्हणत होतो.

रातकिडी

तुम्ही *तारा* म्हणाला होतात. स्लाइडही तेच म्हणते. एका शब्दाचा घोळ आहे, पण तेवढ्याने तीन सूर्यांचा तारा उगाच फुटतो.

शून्यगुरुत्व

(भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून न राहवून.)

खडूधारी, १.४ कुठून येतो हे पोरं विचारणारच. मी वर्गात जिन्याचा दाखला देतो. एका पायरीवर दोघांनाच उभं राहता येतं असा नियम धरा. खालच्या पायऱ्या भरल्या की नंतर येणाऱ्याला वर चढावंच लागतं, त्याची इच्छा असो वा नसो. बटूमधल्या इलेक्ट्रॉनांची गत अशीच. वरची पायरी म्हणजे जास्त वेग. गर्दीमुळेच ते धावत असतात आणि त्या धावण्याचा जो दाब पडतो तो ताऱ्याला तोलून धरतो. या दाबाला उष्णता लागत नाही. म्हणून बटू पूर्ण निवला तरी कोसळत नाही. जळता तारा मात्र उष्णतेच्या जोरावर उभा असतो. हा फरक मुलांच्या डोक्यात गेला तर निम्मी लढाई जिंकलात.

आता बटूवर आणखी माल टाका. तो मोठा होत नाही, उलट *लहान* होतो, गर्दी वाढते, इलेक्ट्रॉन आणखी वरच्या पायऱ्यांवर ढकलले जातात. पण वेगाला प्रकाशाची मर्यादा आहे. तिच्या जवळ गेल्यावर गर्दी वाढवली तरी दाब हवा तेवढा वाढत नाही आणि गुरुत्व मात्र वाढतच राहतं. जिथे हे गणित हाताबाहेर जातं ते वजन म्हणजे १.४. चंद्रशेखरांनी हे १९३० मध्ये बोटीवरच्या प्रवासात मांडायला सुरुवात केली, वय वर्षं १९. एडिंग्टनसारख्या दिग्गजाने पुढे जाहीरपणे खिल्ली उडवली. नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

खडूधारी

जिना उचलतोय. शाळेचा जिनाच आहे बाहेर, तिथे उभी करतो पोरं.

आता दुसरा काटाही काढून टाका. दहाव्या स्लाइडवर लिहिलंय, 'इंधन संपते आणि तारा फुगतो.' हे मी वर्षभर बिनधास्त वाचत आलोय. पण धागा वाचताना वाटलं, इंधन संपलं तर तारा *आकसायला* हवा ना? चूल विझली तर भांडं उतू कसं जाईल?

अधांतरी

उष्णतेने वस्तू प्रसरण पावते. सातवीचं विज्ञान.

शून्यगुरुत्व

अधांतरी, तेवढ्यावर भागत नाही. 'इंधन संपते' हेच अर्धसत्य आहे. संपतो तो *गाभ्यातला* हायड्रोजन. सूर्यासारख्या ताऱ्यात तो एकूण साठ्याचा साधारण दहावा भाग. बाकीचा वर तसाच पडून असतो, पण तिथे जळण्याइतकं तापमान नसतं. गाभा विझला की खडूधारी म्हणतात तसा तो आकसतोच! आकसताना तो तापतो आणि त्याला लागून असलेल्या थरातला हायड्रोजन पेटतो. हे कवच पूर्वीच्या गाभ्यापेक्षाही जोरात जळतं. एवढी उष्णता बाहेर जायला बघते, म्हणून वरचे थर फुगतात. आत आकुंचन, बाहेर प्रसरण. चूल विझलेली नाही, निखारे बाजूला सरकलेत.

रातकिडी

फुगण्याचं कारण सोडून सगळं मान्य. 'उष्णता जास्त म्हणून फुगतो' यात एक उडी आहे. जास्त उष्णता तयार झाली तर तारा त्याच आकाराचा राहून नुसता जास्त प्रखर होऊ शकला असता. फुगलाच पाहिजे असं त्यातून निघत नाही. गणित संगणकावर चालवलं की तारा फुगतो, दर वेळी फुगतो, आणि म्हाताऱ्या तारकागुच्छांमध्येही तसंच दिसतं. पण 'का' याचं एका वाक्यातलं उत्तर मागितलंत तर या क्षेत्रातली माणसं अजूनही एकमेकांशी हुज्जत घालतात.

शून्यगुरुत्व

मग नववीच्या पोरांना काय सांगू? 'संगणक म्हणतो म्हणून'?

रातकिडी

आत आकुंचन आणि बाहेर प्रसरण हे *घडतं* असं सांगा, तेवढं खरं आहे. कारण सांगताना 'म्हणून' हा शब्द जरा जपून वापरा.

शून्यगुरुत्व

वर्गात 'म्हणून' न वापरता शिकवायचं म्हणजे कठीण आहे बाई. मी माझं कवच सोडणार नाही.

नीलाक्षी

मला आता विषय कळला, आधी रंगांचंच बोलले, माफ करा :) पण चित्रांबद्दल एक सांगते. आमच्या स्लाइडवर राक्षसी तारा कलिंगडाएवढा आणि बटू लिंबाएवढा काढलाय. खरं प्रमाण किती?

दुर्बीणवेडा_काका

सूर्याचंच घ्या. फुगून तो आजच्या दोनशेपट होईल आणि बटू झाल्यावर आजच्या शंभराव्या भागाएवढा राहील. म्हणजे वीस हजारपट फरक. बटू टाचणीच्या दोन मिलिमीटर डोक्याएवढा काढलात तर राक्षसी तारा ४० मीटर व्यासाचा काढावा लागेल. आमच्या एका कार्यक्रमात मी पोरांना मैदानात नेऊन गोल उभं केलं, मधोमध टाचणी टोचली. टाचणी हरवली. मुख्याध्यापिकांनी कोणाच्या पायात जाईल म्हणून सगळं मैदान धुंडाळायला लावलं. बटू किती लहान असतो हे त्या दिवशी सगळ्यांना नीट कळलं.

टिवल्याबावल्या

व्याध 'ब' सापडेना, टाचणी सापडेना. काका, तुम्ही श्वेत बटूंच्या वाटेला जाऊच नका.

अधांतरी

डाव्या बाणाचं झालं. उजव्या बाणाकडे कोणी बघितलंच नाही. तिथे १.४ चा काही संबंध येतो का, की तिकडे वेगळा कायदा?

रातकिडी

कायदा तोच! आठच्या वरच्या ताऱ्यात गाभ्यातलं जळण हेलियम, कार्बन, ऑक्सिजन असं पुढे पुढे जात शेवटी लोखंडाशी येऊन थांबतं, कारण लोखंडाची अणुकेंद्रकं जुळताना ऊर्जा निघत नाही, उलट घालावी लागते. शेवटचा टप्पा, सिलिकॉनपासून लोखंड, हा तर काही दिवसांचा खेळ. हा लोखंडी गाभाही इलेक्ट्रॉनांच्या त्याच जिन्यावर तोललेला असतो. वरून राख पडत राहते आणि वजन १.४ च्या आसपास आलं की तोल जातो. सेकंदाच्या आत पृथ्वीएवढा गाभा कोसळून वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा होतो.

म्हणजे १.४ दोन्ही वाटांवर आहे. डावीकडचे तारे माल फुंकून त्याच्या खाली राहतात, उजवीकडचे आतून भरत भरत त्याला जाऊन धडकतात. तारा फुटणार की निवणार हे त्याच्या अख्ख्या वजनावर नाही, या गाभ्यावर ठरतं. जन्माचं वजन ८ हा फक्त त्याचा अंदाज. तोही काटेकोर नाही, ८ ते १० म्हटलंत तरी चालेल.

ठाम_मत

आणि वीस-पंचवीसच्या वर कृष्णविवर. हे तरी पक्कं आहे ना? आमच्या स्लाइडवर २५ आहे.

रातकिडी

ते तर सगळ्यात कच्चं आहे. १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत जो तारा फुटला तो सुमारे १८ ते २० सूर्यांचा होता. स्फोटाचा प्रकाश पोचायच्या दोन-तीन तास आधी भूमिगत उपकरणांत, गाभा कोसळताना सुटणारे दोन डझन न्यूट्रिनो कण सापडले, म्हणजे गाभा कोसळलेला आपण जवळजवळ हाताने चाचपलाय. मागे न्यूट्रॉन ताराच राहिला असावा असे संकेत आहेत. उलट एका तारकागुच्छात असा न्यूट्रॉन तारा आहे की ज्याचा मूळ तारा ४० सूर्यांच्या वर असावा असं वर सांगितलेल्या कृत्तिकेच्याच युक्तिवादाने निघतं. तुमच्या स्लाइडप्रमाणे तिथे कृष्णविवर हवं होतं. किती माल वाऱ्याने गेला, जोडीदाराने किती ओढला, मूळ ढगात जड मूलद्रव्यं किती होती, या सगळ्यावर ते ठरतं. २५ च्या जागी मी प्रश्नचिन्ह काढीन.

टिवल्याबावल्या

ते मुलीच्या वहीत आधीच काढलेलं आहे.

खडूधारी

अपडेट. काल दुसऱ्या तुकडीला जाऊन आलो.

स्लाइड नऊवर बाणांच्या मुळाशी 'जन्माचं वजन' लिहिलं आणि टोकाशी 'उरलेलं वजन'. मध्ये व्याध 'ब' : ५ → १.०२. चार सूर्य बाजूला सांडलेले दाखवले, फिकट ठिपक्यांनी. अकराव्या स्लाइडवर 'जड तारा' खोडून 'जड गाभा' केलं. नीलाक्षीताई, आकडे पिवळे केलेत. जिन्यावर मात्र फजिती झाली. पायरीवर दोघं-दोघं उभे केले, खालून माल यायला लागला आणि सगळ्यात वरचे दोघं गच्चीत पळून गेले. शून्यगुरुत्व, तुमच्या दाखल्यात इलेक्ट्रॉन पळून जाऊ नयेत याची सोय नाही.

पहिल्या तुकडीतली ती मुलगी मधल्या सुट्टीत भेटायला आली. तिला व्याधाची गोष्ट सांगितली. तिने वहीतल्या प्रश्नचिन्हावर काट मारली. मी सुटकेचा श्वास टाकतोय तेवढ्यात म्हणाली, "मग सर, उद्या व्याध 'अ' म्हातारा होऊन फुगेल, तेव्हा तोही माल फुंकणार. तो बटूवर पडेल. बटू एकवर आहे, त्याला अजून फक्त ०.४ पाहिजे. मग तो फुटेल का?"

या वेळी "छान प्रश्न आहे" म्हणालो नाही. "विचारून सांगतो" म्हणालो. तर विचारतोय.

ठाम_मत

फुटणार. मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं.

शून्यगुरुत्व

इतकं सोपं नाही. दोघांमधलं सरासरी अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या वीसपट आहे. एवढ्या लांबून 'अ'चा वारा बटूच्या हाती किती लागणार? बराचसा निसटून जाईल.

रातकिडी

सरासरी वीसपट, पण कक्षा चांगलीच लंबगोल आहे, जवळ येतात तेव्हा आठपटच. आणि 'अ' फुगला की वीसच्या ऐवजी आठ हा आकडा महत्त्वाचा ठरू शकतो. शिवाय पडलेला हायड्रोजन बटूवर साचून राहतोच असंही नाही. तो पृष्ठभागावर पेटून उडूनही जातो आणि कधी कधी जेवढा आला त्याहून जास्त घेऊन जातो. ०.४ गोळा होणं मला कठीण वाटतं. पण छातीठोकपणे 'नाही' म्हणायची माझी तयारी नाही. तिला हे दोन्ही आकडे द्या, वीस आणि आठ.

दुर्बीणवेडा_काका

फुटायच्या आत मला एकदा नीट दिसू दे म्हणावं.